स्टोरी पॉइंट आले कुठून, आणि पत्ते पालथे का ठेवायचे

अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत, पहिल्यांदाच करणाऱ्या स्टुडंट टीमचं पहिलं स्प्रिंट प्लॅनिंग, म्हणजे पुढच्या टप्प्यात काय करायचं ते ठरवायची मीटिंग, साधारण असं होतं: बॅकलॉगमधली, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतली, पहिली स्टोरी, म्हणजे युजरला हवी असलेली एक छोटी सोय, वाचली जाते, कोणीतरी म्हणतं ही ५ पॉइंटची, मग दुसरा विचारतो पण ५ म्हणजे किती तास, त्यावर सगळे मिळून १ पॉइंट म्हणजे २ तास असं काहीतरी ठरवून टाकतात. पुढच्या स्टोरीपासून टीममध्ये ज्याला कोडिंग सगळ्यात जास्त येतं तो आकडा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. तासभरात सगळ्या स्टोऱ्यांना नंबर मिळालेले असतात पण अंदाज एकाच माणसाचा असतो, आणि तोही तासांतच.

पॉइंट, आणि अंदाजाचे आकडे लिहिलेले पत्ते, नेमक्या याच दोन भानगडींवर तोडगा म्हणून आले. दोन्हींचा उगम वेगवेगळा आहे, वाटाही वेगळ्या आहेत, म्हणून आधी एक मग दुसरी बघू.

पॉइंटची गोष्ट एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सुरुवातीच्या अजाइल पद्धतीतून येते. १९९० च्या दशकात क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या सिस्टिमवर, म्हणजे सी३ प्रोजेक्टवर, केंट बेक, रॉन जेफ्रीज वगैरे मंडळी काम करत होती. तिथे स्टोरीचा अंदाज सुरुवातीला सरळ वेळेतच द्यायचे, फक्त तो वेळ ‘आयडियल’ दिवसांत मोजायचे, म्हणजे मध्ये मीटिंग नाही, फोन नाही, कोणी काही विचारायला आलं नाही, नुसतं बसून काम केलं तर किती दिवस लागतील तेवढे. खऱ्या कॅलेंडरवर जायला त्या आकड्याला एका लोड फॅक्टरने गुणायचं, आणि तो साधारण ३ धरायचे. म्हणजे १ आयडियल दिवसाच्या कामाला खरे ३ दिवस. डेव्हलपर लोकांना हे सरळ वाटायचं, पण बाहेरून बघणाऱ्याला कळेना की एका दिवसाचं काम करायला ही माणसं तीन दिवस का लावतात. जेफ्रीज यांनी नंतर सांगितलंय त्याप्रमाणे हा घोळ टाळायला ‘दिवस’ हा शब्दच काढून टाकला आणि नुसतं पॉइंट म्हणायला लागले. पुढे त्यातला दिवसाचा संबंध पुसट होत गेला आणि पॉइंट हे एका स्टोरीचं दुसरीच्या तुलनेतलं माप झालं: ही तिच्या दुप्पट वाटते, ती साधारण तेवढीच.

म्हणजे १ पॉइंट बरोबर २ तास असं ठरवणारी टीम पॉइंट ज्या गोंधळातून सुटायला आले त्याच गोंधळात परत जाते. आणि स्टुडंट टीममध्ये त्याचा त्रास नोकरीतल्या टीमपेक्षा जास्त होतो, कारण इथे तास माणसागणिक प्रचंड बदलतात. एकाने तो फ्रेमवर्क आधी वापरलाय, दुसरा ट्युटोरियल बघत बघत करणार, त्यामुळे एकच स्टोरी एकाला ३ तास आणि दुसऱ्याला १५ तास. तासांत अंदाज दिला की पहिला प्रश्न येतो ‘कोणाचे तास?’, पण ही स्टोरी त्या स्टोरीपेक्षा मोठी आहे यावर दोघांचंही बऱ्याचदा एकमत होऊ शकतं. माझ्या मते स्टुडंट टीमने पॉइंट वापरायचं हे एकच खरं कारण आहे.

आता पत्ते. त्यांची मुळं सॉफ्टवेअरच्याही बाहेर, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये आहेत. तिथे ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की वगैरेंनी डेल्फी नावाची पद्धत काढली. तज्ज्ञांना एकत्र बसवायचंच नाही, प्रत्येकाकडून वेगवेगळं, नाव न सांगता उत्तर घ्यायचं, मग सगळ्यांना सगळ्यांची उत्तरं दाखवून परत विचारायचं, असे फेरे करायचे. हेतू हा की मोठ्या नावाच्या किंवा मोठ्या आवाजाच्या माणसामागे बाकीचे वाहत जाऊ नयेत. १९७० च्या दशकात बॅरी बोम आणि जॉन फारक्वार यांनी ती सॉफ्टवेअरच्या अंदाजासाठी बदलून घेतली, तिला वाइडबँड डेल्फी म्हणतात, त्यात अंदाज वेगवेगळेच द्यायचे पण फेऱ्यांच्या मध्ये समोरासमोर बोलायचं. कारण फरक का पडला हे नुसत्या कागदावरून कळत नाही.

मग २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकरवर, म्हणजे पत्त्यांनी अंदाज देण्याच्या या पद्धतीवर, एक छोटा लेख लिहिला. त्यांचा प्रश्न वेळेचा होता, एकेका स्टोरीवर दोन जण बोलत राहतात, बाकीचे गप्प, मीटिंग संपतच नाही. म्हणून आधी सगळ्यांनी आपापला आकडा कार्डवर लिहायचा, एकदम दाखवायचा, जुळले तर चर्चा न करता पुढे जायचं आणि नाही जुळले तरच बोलायचं. पुढे माइक कोन यांच्या अजाइल अंदाजावरच्या २००५ च्या पुस्तकामुळे ते सगळीकडे पसरलं, आणि आज जे पत्ते दिसतात ते ०, १/२, १, २, ३, ५, ८, १३, २०, ४०, १०० असे. वर जाताना अंतर वाढतं कारण १ आणि २ मधला फरक आपल्याला कळतो, १९ आणि २० मधला कळत नाही, आणि ८ अधिक १३ अशा आधीच्या दोघांच्या बेरजेने यायला हवा होता त्या २१ ऐवजी २० घेतलं ते त्या आकड्याला नको तेवढा नेमकेपणा चिकटू नये म्हणून.

एकदम का दाखवायचे याचं कारण १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी छान दाखवलेलं आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं, मग विचारलं संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के. १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता तरी एवढा फरक, मग टीममधल्या सगळ्यात हुशार मुलीने ‘अरे हे सोपंय, २ देऊया’ म्हटल्यावर बाकीच्यांचं काय होत असेल! म्हणून पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळे ठेवून होईपर्यंत आकडा तोंडातून काढायचा नाही, ‘सोपंय’ सुद्धा म्हणायचं नाही.

एक फेरी नीट बघू. पाच जणांची टीम, हॉल बुकिंगचं ॲप. आधी एक संदर्भ स्टोरी ठरवली, सगळ्यांना कळणारी: युजरला प्रोफाइल बघता यावं आणि नाव-फोटो बदलता यावा, ही ३. आता दुसरी स्टोरी, पासवर्ड विसरला तर ईमेलवर लिंक यावी. पत्ते उलटले: २, ३, ३, ५, १३. इथे नवी टीम हमखास सरासरी काढते, ती येते ५.२, म्हणून ५ लिहून पुढे जाते. असं केलं तर ती फेरीच वाया गेली, कारण जे कळायचं होतं ते २ आणि १३ च्या मधल्या अंतरातच होतं.

म्हणून आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा पत्ता बोलतो, दोघंच. २ वाला म्हणाला फ्रेमवर्कमध्ये रिसेटचं पेज तयार मिळतं. १३ वाली म्हणाली पेज मिळतं पण मेल कोण पाठवणार, त्यासाठी मेल सर्व्हिसचं अकाउंट लागेल, सर्व्हरवरून मेल जातो का बघावं लागेल, स्पॅममध्ये जातो का बघावं लागेल, लिंक एकदाच चालली पाहिजे आणि काही वेळाने बंद झाली पाहिजे. दुसऱ्या फेरीत आले ५, ५, ८, ८, ८. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बुकिंग कन्फर्म झाल्याचा मेलही पाठवायचाय, म्हणजे मेल पाठवण्याची सोय ही वेगळीच स्टोरी आहे. ती काढली ५ ची, रिसेट राहिला ३ चा. या दहा मिनिटांतली खरी कमाई आकडा नाही, बॅकलॉगमध्ये नसलेलं एक काम सापडलं ही आहे.

पण एक मर्यादा आहे आणि ती नव्या टीमला सगळ्यात जास्त लागू होते. डेल्फीत विचारायचे ते तज्ज्ञांना. पाचही जणांनी पेमेंट गेटवे कधी जोडलेला नसेल आणि पाचही पत्ते ५ निघाले, तर एकमत झालं खरं पण ते पाच जणांच्या सारख्याच अज्ञानाचं एकमत आहे. ओळखायचं कसं, तर ज्यांचे पत्ते लगेच जुळले त्यांना विचारायचं ‘यातलं पहिलं काम काय?’ आणि कोणालाच सांगता आलं नाही तर आकडा लिहायचाच नाही. त्याऐवजी स्पाइक घ्यायचा, हाही एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधूनच आलेला प्रकार, एका जणाने ठरवून दिलेले समजा ३ तास नुसतं करून बघायचं आणि मग परत पत्ते टाकायचे.

जेफ्रीज यांनी २०१९ मध्ये लिहिलं की पॉइंट बहुधा आपणच काढले आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं. कारण मॅनेजर लोक पॉइंटवरून टीमची तुलना करायला लागले, जास्त पॉइंट काढा म्हणायला लागले. कॉलेजात हेच गाइडने व्हेलॉसिटीवर, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटवर, मार्क दिले की होतं: पुढच्या स्प्रिंटला कालची ३ ची स्टोरी आपोआप ५ ची होते. एका टीमची ३ दुसऱ्या टीमची ८ असू शकते, तुलना करायची सोयच नाही. स्क्रम या अजाइल पद्धतीची जी अधिकृत पुस्तिका आहे, त्या स्क्रम गाइडमध्ये तर स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, त्यामुळे ‘स्क्रममध्ये पॉइंट लागतातच’ असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

मग आकडे कशाला, तर यासाठी. हीच टीम पहिल्या स्प्रिंटला २४ पॉइंट घेऊन बसली आणि पूर्ण झाले १०. एक ८ ची स्टोरी नव्वद टक्के झालेली होती, ती मोजायची शून्य, यावर नव्या टीममध्ये भांडणं होतात पण इथे नमतं घेऊ नये, कारण राहिलेले दहा टक्के किती मोठे आहेत ते कोणालाच माहीत नसतं. दुसऱ्या स्प्रिंटला ती पूर्ण झाली आणि अख्खी मोजली, एकूण १३. तिसऱ्याला ११. म्हणजे साधारण ११ ची टीम. बॅकलॉगमध्ये ४८ पॉइंट उरलेत, सेमिस्टरमध्ये स्प्रिंट उरलेत ३, म्हणजे ३३ होतील, आणि शेवटचा परीक्षेच्या तोंडावर येत असेल तर त्याहून कमीच. म्हणजे निदान १५ पॉइंटच्या स्टोऱ्या होणार नाहीत हे आज दिसतंय, डेमोच्या आदल्या रात्री नाही. त्या कुठल्या सोडायच्या, रिपोर्टचं पेज की रेटिंग की मेलची नोटिफिकेशन, ती यादी घेऊन गाइडकडे आत्ताच जाता येतं.