सोलापूरचा काळा मसाला परराज्यांत पाठवताना

आमचा काळा मसाला आता दूरच्या राज्यांतल्या दुकानांतही मिळतो. "आता पहिली चव राहील का?" असं जुने ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण या मसाल्यात खोबरं आणि तीळ आहेत.

खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं, तिळातही जवळपास निम्मं. भाजून कुटल्यावर ते मोकळं होतं आणि हवा लागली की हळूहळू खवटतं. खोबरं कमी केलं तर मसाला जास्त दिवस टिकेल, पण मग आमटीला तो दाटपणा आणि खमंगपणा येणार नाही. म्हणून खोबरं तेवढंच ठेवलं आणि मुदत मात्र ४ महिनेच छापतो. मोठी दुकानं माल घेताना बरीच मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे आम्ही थोडा थोडा आणि ताजा माल पाठवतो. जिथे तो गोदामात महिना-महिना पडून राहतो, तिथे पाठवतच नाही. काही गावांत आमचा मसाला मिळत नाही, तो यामुळे.

भाजण्यासाठी मोठी कढई घेतली नाही. एका वेळी ५० किलो धणे टाकले तर तळाचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. आम्ही ५-५ किलोचेच घाणे काढतो, फक्त कढया वाढवल्या. धणे, खोबरं, दगडफूल, लवंग, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. भाजलेलं पूर्ण निवल्यावरच डंकावर जातं. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत मसाला तापतो आणि वास तिथेच उडतो. डंकाला वेळ जास्त लागतो, तो आम्ही देतो.

सगळ्यात जास्त लक्ष मिरचीवर असतं. ब्याडगी रंग देते, गुंटूर तिखटपणा. पण पीक दरवर्षी सारखं येत नाही. समजा, नेहमीचं प्रमाण ६० किलो ब्याडगीला ४० किलो गुंटूर आहे आणि यंदाची गुंटूर जास्त जहाल निघाली. वजन तेच ठेवलं तर मसाला झणझणीत होईल. तेव्हा आम्ही गुंटूर ३५ वर आणतो, ब्याडगी ६५ करतो, आणि मागच्या घाण्याच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशेजारी दोन्हींची आमटी करून चाखतो. रंगात थोडा फरक दिसला तर तो यामुळे. तिखटपणा बदलू देत नाही.

पाकिटाच्या आत तेलाचा हलका थर दिसला तर घाबरू नका, ते खोबऱ्याचं आहे. गाठी झाल्या असतील तर ओल शिरली आहे. जुन्या तेलासारखा वास आणि घशाशी कडवटपणा आला तर मसाला खवट झाला आहे, वापरू नका. असं मुदतीच्या आत झालं तर पाकिटावरचा बॅच क्रमांक आम्हाला कळवा, पाकीट बदलून देऊ. फोडलेला मसाला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, आणि चमचा कोरडा घ्या.