फोनवरील मराठी जोडाक्षरे आणि शून्य-रुंदी जोडक

शून्य-रुंदी जोडक, म्हणजेच झीरो-विड्थ जॉइनर, हे युनिकोडमधले U+200D या क्रमांकाचे चिन्ह आहे. ते पडद्यावर दिसत नाही आणि जागाही घेत नाही. पाय मोडलेल्या अक्षरानंतर ते आले की पूर्ण जोडाक्षर किंवा रफार न करता त्या अक्षराचे अर्धे रूप दाखवावे, असा त्याचा अर्थ होतो.

फोन ‘र्य’ हे एक अक्षर म्हणून साठवत नाही. तो र, हलन्त आणि य अशी तीन चिन्हे ओळीने ठेवतो. त्यांचे रूप ठरते ते देवनागरीच्या नियमांनी आणि फॉन्टने. र, हलन्त आणि पुढे व्यंजन असेल तर रफार द्यायचा, हा नियम संस्कृत, हिंदी, मराठी सगळ्यांना सारखाच लागू होतो. मराठीला मात्र चंद्रकोरीसारखा अर्धा र वेगळा हवा असतो. तो नसेल तर डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्र, म्हणजे ‘दर्या’ होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’ ‘आचार्यांना’ अशी पदवी मिळते. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांचीही हीच गत होते. हा फरक अर्थाचा असल्याने ‘चालतंय की’ म्हणून तो सोडून देणे योग्य नाही.

```
दर्या    U+0926 U+0930 U+094D U+092F U+093E
दर्‍या    U+0926 U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

जोडक लगेच हलन्तानंतरच हवा. य टाइप करून झाल्यावर तो घातला तर रफार तसाच राहतो. पुष्कळ कीबोर्डांवर त्याची कळच नसते. अशा वेळी नेहमी लागणारे शब्द एकदा नीट तयार करून फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात साठवावेत. कीबोर्डावर ऱ (U+0931) असेल तर वाट आणखी सोपी होते: ऱ, हलन्त, य अशा क्रमाने टाइप केले की जोडकाशिवायच ‘ऱ्य’ मिळतो. माझ्या मते हाच मार्ग पहिल्यांदा वापरून पाहावा, कारण काही ॲप्स मजकूर साठवताना अदृश्य चिन्हे गाळून टाकतात आणि मग जोडक वापरून लिहिलेल्या ‘दर्‍या’ पुन्हा ‘दर्या’ होतात. शिवाय ऱ वापरून आणि जोडक वापरून लिहिलेली रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही. त्यामुळे साध्या शोधात एक रूप टाकले तर दुसरे सापडेलच असे नाही.

जोडाक्षरात पायमोडके चिन्ह उघडे दिसत असेल, तर दोष वेगळा असतो. एक शक्यता अशी की जोडकाऐवजी त्याचा उलटा भाऊ U+200C मजकुरात शिरला आहे. त्याचे कामच अक्षरे सुटी ठेवणे हे आहे. तो काढण्यासाठी हलन्तासकट खोडून पुन्हा टाइप करावे. दुसरी शक्यता फॉन्टमध्ये ते जोडाक्षरच नसण्याची. तोच मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये चिकटवल्यावर अक्षर नीट जुळले, तर मजकूर बरोबर आहे आणि उणीव फॉन्टची आहे. तिथे जोडक घालून उपयोग होत नाही, फॉन्टच बदलावा लागतो.