टोटल जुळलं तरी नऊ हजारांची चूक

सहकारी बँकेत रात्री हेड ऑफिसला सगळ्या शाखांच्या तेरजा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांच्या याद्या, एकत्र करतात, आणि नावे-जमा टॅली झालं की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. जिथे अजून प्रत्येक शाखेचा डेटा वेगळा असतो तिथे खरी तपासणी दुसरीकडेच होते.

समजा, चिपळूण शाखेत खातं असलेल्या एका आंबा व्यापाऱ्याने गुहागर शाखेत 54,300 रुपये रोख भरले. गुहागरने रोख नावे टाकली आणि शाखांचे आपसातले व्यवहार जिथे नोंदवतात त्या आंतरशाखा खात्याला 54,300 जमा दाखवले, मग चिपळूणला कळवलं. तिथल्या क्लार्कने घाईत 45,300 नोंदवले, व्यापाऱ्याच्या खात्यात 45,300 जमा आणि आंतरशाखा खात्याला तेवढेच नावे. आता बघा, चिपळूणची तेरीज जुळते, गुहागरचीही जुळते, आणि जुळलेल्या दोन तेरजांची बेरीज जुळणारच ना! म्हणजे एकत्रित टोटल अगदी बरोबर आणि व्यापाऱ्याचे 9,000 मात्र गायब.

म्हणून हेड ऑफिस बघतं ते आंतरशाखा खातं. एका शाखेची जमा ही दुसऱ्या शाखेची नावे असते, त्यामुळे सगळ्या शाखा मिळून या खात्याची बाकी शून्यच यायला हवी. इथे 9,000 जमा उरलेत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. 9,000 ला 9 ने पूर्ण भाग जातो, आणि शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी 9 च्या पटीतच येतो, कारण दहा गुणिले पहिला अधिक दुसरा यातून उलटं वजा केलं की दोन्ही आकड्यांच्या फरकाच्या 9 पट उरतं. इथे 9 गुणिले 1 आणि पुढे तीन शून्य, म्हणजे दहा हजार आणि हजारच्या घरातले आकडे उलटलेत आणि त्यांच्यात 1 चा फरक आहे. आता त्या दिवसाची तशी आंतरशाखा व्हाउचर्सच आधी काढायची, सगळा गठ्ठा उपसायला नको. अर्थात हा नुसता अंदाज असतो, दुसऱ्या कुठल्या चुकीचा फरकही योगायोगाने 9 च्या पटीत येऊ शकतो, त्यामुळे व्हाउचर डोळ्याने बघितल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही.

पावसात लाइन गेली आणि चिपळूणची नोंदच त्या रात्री आली नाही तर बाकी पूर्ण 54,300 दिसेल, त्याला 9 ने भाग जात नाही आणि ती रक्कम गुहागरच्या एका व्हाउचरशी तंतोतंत मिळते, म्हणजे नोंद वाटेत आहे, उद्या शून्य होईल. रोजच्या रोज बघितलं तरच हे एका दिवसाच्या कागदात सापडतं, महिनाभर साठलं की चार फरक एकमेकांत मिसळतात आणि 9 चा नियम काही सांगत नाही.

एक चूक मात्र यात कधीच सापडत नाही. चिपळूणने 54,300 बरोबर नोंदवले पण दुसऱ्याच खातेदाराला, तर बाकी शून्यच येते. ते कळतं व्यापारी पासबुक भरून घ्यायला येतो तेव्हा.