टीव्हीचा लॅग मोजायचाय? स्टॉपवॉच वाचू नका, फ्रेम मोजा

कन्सोल किंवा लॅपटॉप टीव्हीला जोडून गेम खेळताना बटण दाबलं की उडी जरा उशिराच पडते, हे बऱ्याच जणांना जाणवतं, पण तो उशीर नक्की किती आहे ते सांगता येत नाही. केबलमधून चित्र टीव्हीत शिरल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो तो डिस्प्लेचा इनपुट लॅग. हा वेळ टीव्हीच्या आतल्या प्रोसेसिंगमध्ये जातो. रंग सुधारणं, नॉइज काढणं, चित्र पडद्याच्या साइजचं करणं, आणि सगळ्यात महागडं काम म्हणजे मोशन स्मूदिंग. दोन फ्रेमच्या मधली खोटी फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम हातात यायला हवी, म्हणजे तोपर्यंत आधीची फ्रेम दाबून ठेवणं आलंच. सिनेमा बघताना हे कळत नाही कारण टीव्ही आपल्या स्पीकरचा आवाजही तेवढाच मागे ठेवतो. (क्रिकेट बघताना शेजारी आधी ओरडतात आणि आपल्याकडे विकेट नंतर पडते तो प्रकार वेगळा, तो ब्रॉडकास्ट आणि स्ट्रीमिंगचा उशीर, आणि तो कित्येक सेकंदांचा असतो. इथे आपण मिलिसेकंदांबद्दल बोलतोय.)

घरी मोजायची पद्धत दिसायला एकदम सोपी आहे. लॅपटॉपला एचडीएमआयने टीव्ही जोडायचा, Windows + P दाबून Duplicate निवडायचं म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र येतं, स्क्रीनवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करायचं आणि दोन्ही पडदे एकाच फोटोत घ्यायचे. लॅपटॉपवर ४८२१७ आणि टीव्हीवर ४८११७ दिसलं तर लॅग १०० मिलिसेकंद. एलसीडी नवीन होते तेव्हा लोक असंच करायचे, शेजारी जुना काचेच्या ट्यूबचा सीआरटी मॉनिटर ठेवून, कारण सीआरटीमध्ये चित्र अडवून ठेवणारं प्रोसेसिंग जवळपास नसतंच.

पण या वजाबाकीत एक मोठी गडबड आहे. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, म्हणजे स्टॉपवॉच कितीही बारीक मोजत असलं तरी पडद्यावर नवा आकडा साधारण १६.७ मिलिसेकंदांनीच येतो. ४८२०० नंतर एकदम ४८२१७, मग ४८२३३, मधले आकडे कधी दिसतच नाहीत. त्यामुळे दोन आकड्यांची वजाबाकी कायम ०, १७, ३३, ५० अशाच पायऱ्यांवर येणार. खरा लॅग २५ असेल तर एका फोटोत १७ येईल, दुसऱ्यात ३३, आणि दोन्ही फोटो अगदी खरेखुरे असतील. शेवटचे दोन अंक बघून कोणी "माझा लॅग २३ आहे" म्हणत असेल तर तो आकडा कुठून आला हे विचारायला हवं.

फोनच्या स्लो मोशनमुळे इथे सगळा खेळ बदलतो. २४० एफपीएसला कॅमेरा दर ४.१७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम घेतो, म्हणजे पडद्याच्या चौपट वेगाने. आता स्टॉपवॉचने वेळ मोजायचीच नाही. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे गाडीची नंबर प्लेट, फक्त ओळख पटवायला. तीच गाडी लॅपटॉपच्या नाक्यावरून कधी गेली आणि टीव्हीच्या नाक्यावरून कधी गेली एवढं बघायचं, आणि मधली वेळ कॅमेऱ्याच्या फ्रेम मोजून काढायची.

स्टॉपवॉच म्हणून नेटवरचं कुठलंही पान चालेल, पण काहींमध्ये अंक बारीक असतात किंवा ॲनिमेशन असतं. मला हे सहा ओळींचं बरं वाटतं, नोटपॅडमध्ये टाकून .html नावाने सेव्ह करायचं, ब्राउझरमध्ये उघडायचं आणि F11 दाबून फुल स्क्रीन करायचं:

```html
<body style="background:#000;color:#fff;font:200px monospace">
<div id="t"></div>
<script>
function f(t){document.getElementById("t").textContent=Math.floor(t)%100000;requestAnimationFrame(f);}
requestAnimationFrame(f);
</script>
```

काळ्यावर पांढरे मोठे अंक, आणि पडद्याच्या प्रत्येक रिफ्रेशला एक नवा आकडा, बस. लॅपटॉपचा पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पडदे ६० वर आणा, नाहीतर दोघांचे आकडेच जुळणार नाहीत.

फोन आडवा धरायचा, स्टँडवर ठेवला तर उत्तम, आणि लॅपटॉप टीव्हीच्या शेजारी असा ठेवायचा की दोन्हीकडचे अंक फ्रेममध्ये साधारण एकाच उंचीवर येतील. याला कारण आहे. फोनचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो, आणि फोन आडवा असताना त्या ओळी जमिनीला समांतर असतात. दोन्ही अंक एकाच ओळीत असले की ते एकाच क्षणी वाचले जातात. फोन उभा धरला किंवा एक पडदा दुसऱ्याच्या वर ठेवला तर काही मिलिसेकंदांची चूक मोजणीत घुसते आणि ती दिसतही नाही. खोलीतला ट्यूबलाइट किंवा एलईडी बल्बही बंद करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि स्लो मोशनमध्ये त्यामुळे उजेड कमी-जास्त होत राहतो.

फोन खरंच २४० घेतोय का हेही एकदा बघून घ्यायचं, आणि इथे खरंखुरं हातातलं स्टॉपवॉच कामाला येतं. त्याचं १० सेकंदांचं शूटिंग करा, त्यात २४०० च्या आसपास फ्रेम निघायला हव्यात. शिवाय ६० हर्ट्झच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा व्हिडिओत साधारण चार फ्रेम टिकायला हवा. लागोपाठच्या दोन-दोन फ्रेम हुबेहूब सारख्या निघाल्या तर फोन आतून १२० घेऊन प्रत्येक फ्रेम दोनदा लिहितोय असं समजा. ९६० एफपीएस असं लिहिलेल्या मोडच्या मागे मी लागणार नाही, बऱ्याच फोनमध्ये त्यातल्या मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने बनवतं, आणि बनवलेल्या फ्रेमवरून वेळ कशी मोजणार.

व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन mpv या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, त्यात . दाबलं की एक फ्रेम पुढे आणि , दाबलं की एक फ्रेम मागे. आता एक उदाहरण धरू. व्हिडिओत एक जागा निवडली, जिथे लॅपटॉपवर ४८२१७ नुकताच उगवतोय. तिथून मोजायला सुरुवात केली, एक एक फ्रेम पुढे गेलो, आणि टीव्हीवर ४८२१७ उगवायला २६ फ्रेम लागल्या. २६ गुणिले ४.१७ म्हणजे साधारण १०८ मिलिसेकंद. प्लेअरमध्ये खाली दिसणारी वेळ मात्र बघायची नाही, कारण बरेच फोन स्लो मोशनची फाइल ३० एफपीएसने चालेल अशी बनवतात, त्यात हाच लॅग ०.८७ सेकंद दिसेल, म्हणजे आठपट. मग टीव्हीवर गेम मोड चालू केला, परत शूट केलं, आणि या वेळी फक्त ३ फ्रेम आल्या, १२.५ मिलिसेकंद. असा फरक पडणं अगदी शक्य आहे, गेम मोड म्हणजे मुख्यतः ते मोशन स्मूदिंग आणि बाकीची सजावट बंद करणंच असतं.

मोजताना अंक "उगवला" कधी म्हणायचं यावरून गोंधळ होतो. एलसीडीचा पिक्सेल झटक्यात बदलत नाही, काही मिलिसेकंद घेतो, त्यामुळे एखाद्या फ्रेममध्ये जुना ३ आणि नवा ७ एकमेकांवर चढलेले दिसतात. नियम एकच ठेवा, नवा अंक पुसट का होईना पहिल्यांदा दिसला ती फ्रेम, आणि तोच नियम दोन्ही पडद्यांना लावा. एकीकडे पहिली झलक आणि दुसरीकडे पूर्ण स्पष्ट अंक असं केलं तर पिक्सेलची सुस्ती लॅगमध्ये मिसळते. दोन्ही टोकांना एकेक फ्रेमची चूक धरून चालायची, म्हणून व्हिडिओतल्या वेगवेगळ्या ठिकाणचे आठ-दहा आकडे घेऊन सरासरी काढा.

पण सरासरीने न जाणारी एक चूक आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. Duplicate केलं तरी ग्राफिक्स चिप दोन्ही पडद्यांना एकाच ठोक्यावर चित्र पाठवेलच असं नाही. एक पडदा वरून खाली रंगवायला सुरुवात झाली आणि दुसऱ्याची पाळी ९ मिलिसेकंदांनी आली, असं होऊ शकतं, आणि दोघांचा वेग तंतोतंत सारखा असेल तर तो ९ चा फरक अख्ख्या व्हिडिओभर तसाच राहतो. कितीही आकडे घ्या, प्रत्येकात तोच. फरक एका फ्रेमपर्यंत, म्हणजे जवळपास १६.७ पर्यंत काहीही असू शकतो. १०८ वाल्या उत्तराला याने फारसा धक्का लागत नाही, पण १२.५ वालं उत्तर यामुळे पार डळमळतं. हे ओळखायचं असं की केबल काढून परत लावायची आणि पुन्हा मोजायचं, उत्तर बदललं तर हाच प्रकार. कधी एक पडदा ६० वर आणि दुसरा ५९.९४ वर चालत असतो, तेव्हा हा फरक हळूहळू सरकत राहतो आणि साधारण १७ सेकंदांत पूर्ण फेरी मारतो, अशा वेळी तेवढा लांब व्हिडिओ घेऊन सरासरी काढली की निदान दर वेळी वेगळं उत्तर येत नाही.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तर आणखी गंमत होते, काहींमध्ये एचडीएमआय मोठ्या चिपला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा छोट्या चिपवर, मग चित्र एकीकडून दुसरीकडे कॉपी होताना लॅपटॉपच मागे पडतो. टीव्हीवर आकडा आधी आणि लॅपटॉपवर नंतर दिसला तर बहुतेक हेच झालंय.

दोन्हीवर खात्रीचा उपाय म्हणजे एचडीएमआय स्प्लिटर. लॅपटॉपचा पडदा सोडून द्यायचा, एकाच केबलमधून निघालेला सिग्नल स्प्लिटरने टीव्हीला आणि एखाद्या मॉनिटरला वाटायचा. साधा स्प्लिटर चित्र साठवत नाही, तोच सिग्नल दोन्हीकडे ढकलतो, म्हणून ठोका एकच राहतो. फक्त रिझोल्यूशन बदलणारा स्प्लिटर घेऊ नका, तो स्वतःच फ्रेम अडवू शकतो. अर्थात मिळणारं उत्तर अजूनही त्या मॉनिटरच्या तुलनेतलंच, मॉनिटरचा स्वतःचा लॅग ५ असेल तर टीव्हीचा खरा लॅग तुमच्या उत्तरापेक्षा ५ ने जास्त. त्यामुळे एकाच टीव्हीचे वेगवेगळे मोड किंवा दोन टीव्ही एकमेकांशी ताडून बघायला ही पद्धत एकदम पक्की आहे, कारण मॉनिटर तोच राहतो आणि वजाबाकीत त्याचा लॅग उडून जातो. लॅबवाले पडद्यावर सेन्सर टेकवून मोजतात आणि वर, मध्ये, खाली वेगळे आकडे देतात, कारण पडदा वरून खाली रंगवला जातो आणि ६० हर्ट्झला मध्यभाग वरच्या कडेपेक्षा साधारण ८ मिलिसेकंद मागे असतो. आपल्याकडे दोन्ही पडद्यांवर अंक एकाच जागी असल्यामुळे तो फरक आपोआप कटतो, म्हणून आपला आकडा त्यांच्या आकड्याशी थेट लावून बघायचा नाही.