दहा रुपयांतले एकोणऐंशी पैसे

जानेवारीत भाचा प्रभादेवीच्या जत्रेला जाऊन आला तो चाळीस रुपये जिंकून. नंतर जेवताना तासभर त्याच चाळीस रुपयांची कथा. जमिनीवर रेक्झिनचा पट, त्यावर सहा चौकोन. चार चौकोनांत पत्त्यांची चिन्हं, म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. पाचव्यात झेंडा, सहाव्यात माणसाचं मुंडकं. आपण एका चौकोनावर दहाची नोट ठेवायची. समोरचा माणूस पत्र्याच्या डब्यात तीन लाकडी फासे खुळखुळवतो, डबा पालथा घालतो आणि उचलतो. प्रत्येक फाशाच्या सहा बाजूंवर हीच सहा चित्रं. आपलं चित्र एका फाशावर आलं तर आपली नोट परत आणि वर दहा रुपये. दोन फाशांवर आलं तर वर वीस, तिन्हींवर आलं तर वर तीस. एकावरही नाही आलं तर नोट गेली.

इंग्लंडचे खलाशी हाच खेळ मुकुट आणि नांगर काढलेल्या फाशांवर खेळायचे. आपल्याकडे तो सरळ जुगारात मोडतो. १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे, त्यामुळे हवालदार दिसला की पट वळकटीसारखा गुंडाळला जातो.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याच्याकडे सिद्धांतही तयार होता. "मामा, चित्रं सहा, फासे तीन. म्हणजे माझं चित्र यायची शक्यता सहात तीन, अर्धी. अर्ध्या वेळा दहा जातात, अर्ध्या वेळा दहा येतात. आणि कधीकधी वीस-तीस मिळतात तो वरचा फायदा. हा माणूस धंदा करतो कशाला, तेच कळत नाही."

मी विचारलं, "फासे सहा असते तर? मग सहात सहा, म्हणजे दर वेळी तुझं चित्र येणारच?" त्याचा घास थांबला. सहा फासे टाकले आणि एकावरही झेंडा आला नाही, असं सहज होऊ शकतं. हिशोब केला तर तीनातल्या एका डावात असंच होतं. म्हणजे शक्यता नुसत्या मिळवत जाण्यात काहीतरी गफलत आहे.

मग कागद घेतला. तीन फासे लाल, पांढरा आणि काळा आहेत असं समजा. लाल सहा प्रकारे पडू शकतो, त्या प्रत्येकाबरोबर पांढरा सहा प्रकारे, आणि त्या प्रत्येकाबरोबर काळा सहा प्रकारे. सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे २१६ प्रकार. फासे सरळ असतील तर हे सगळे सारख्याच शक्यतेचे. आपण झेंड्यावर पैसे लावलेत. एकाही फाशावर झेंडा नको असेल तर प्रत्येक फाशाला उरलेल्या पाच बाजूंपैकी एक हवी, म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच, १२५ प्रकार. फक्त लालवर झेंडा आणि बाकी दोघांवर दुसरं काहीतरी, असे २५ प्रकार. तो एकटा झेंडा तिघांपैकी कोणाही फाशावर येऊ शकतो, म्हणून ७५. नेमक्या दोन फाशांवर झेंडा असे १५ प्रकार, आणि तिन्हींवर फक्त एक. सगळे मिळवले की बरोबर २१६ होतात. ही बेरीज जुळते का ते नेहमी पाहावं, नाहीतर कुठेतरी काहीतरी दोनदा मोजलेलं असतं.

म्हणजे झेंडा निदान एकदा तरी येतो असे प्रकार ९१. अर्धे म्हणजे १०८ हवे होते.

आता सरासरी. २१६ डाव खेळलो आणि प्रत्येक प्रकार एकेकदा आला असं धरू. १२५ डावांत दहा-दहा गेले, ते १२५० रुपये. ७५ डावांत दहा-दहा आले, ७५०. १५ डावांत वीस-वीस, म्हणजे ३००. एका डावात ३०. एकूण आले १०८०, गेले १२५०. तूट १७० रुपयांची. ती २१६ डावांवर वाटली की दर डावाला ७९ पैसे पडतात. प्रत्येक निकालाची रक्कम त्याच्या शक्यतेने गुणायची आणि गुणाकारांची बेरीज करायची, एवढंच हे गणित. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५७ साली फाशांच्या खेळांवर छोटी पुस्तिका छापली, तिच्यात हीच रीत आहे.

भाच्याचं 'अर्धं' अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. २१६ डावांत झेंडा एकूण किती वेळा दिसला ते मोजा. ७५ वेळा एकेक, १५ वेळा दोन-दोन, एकदा तीन. एकूण १०८, म्हणजे दर डावाला सरासरी अर्धा झेंडा. त्याने काढलेला आकडा हा होता. पण सरासरी अर्धा झेंडा दिसणं वेगळं आणि अर्ध्या डावांत झेंडा दिसणं वेगळं. काही झेंडे एकाच डावात गर्दी करून येतात, आणि ते जितके गर्दी करतात तितके बाकीचे डाव कोरडे जातात.

ही गर्दी हाच पटवाल्याचा धंदा. मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. झेंड्यावर लावणाऱ्याच्या बाजूने हिशोब झाला, आता पटवाल्याच्या जागी बसून बघा. सहा जण आहेत, प्रत्येकाने वेगळ्या चौकोनावर दहाची नोट ठेवली आहे. पटावर साठ रुपये. डबा उचलला आणि तिन्ही फाशांवर वेगवेगळी चित्रं निघाली, तर तिघे हरले, तिघे जिंकले. तीस गोळा केले, तीस वाटले. पटवाल्याला शून्य. हरलेल्यांच्या नोटा जिंकलेल्यांना सरकवण्यापलीकडे त्याने काही केलंच नाही.

आता दोन फाशांवर बदाम आणि तिसऱ्यावर झेंडा निघाला असं समजा. हरलेले चार, त्यांचे चाळीस गोळा झाले. झेंडेवाल्याला दहा दिले, बदामवाल्याला वीस. तीस गेले, दहा पटवाल्याच्या गुडघ्याखाली. तिन्ही फाशांवर बदाम आला तर पाच जण हरले, पन्नास गोळा झाले आणि बदामवाल्याला दिले तीस. वीस उरले. म्हणजे चित्राची जोडी लागली की आपण "वा!" म्हणतो, आणि पटवाल्याची कमाई नेमकी तेव्हाच होते. जोडी लागणारे प्रकार २१६ पैकी ९०, तीन सारखे लागणारे ६. सरासरी काढली तर पटवाल्याला दर डावामागे चार रुपये बहात्तर पैसे सुटतात. सहा जणांत वाटा, परत आपले ७९ पैसे. दोन्हीकडून आलेलं उत्तर जुळतं.

मग हा खेळ सचोटीचा करायचा तर काय द्यायला हवं? जोडीला चाळीस गोळा होतात, त्यातले दहा झेंडेवाल्याचे, म्हणून बदामवाल्याला तीस. तिन्ही सारखे आले तर पन्नासच्या पन्नास. दहा, तीस, पन्नास. पहिल्या रीतीने ताडून पाहा: ७५० अधिक ४५० अधिक ५०, बरोबर १२५०. तूट शून्य.

"पण मी तर जिंकलो," भाचा म्हणाला. जिंकलास, त्यात नवल नाही. सरासरी ७९ पैशांची तूट आहे, पण एकेका डावातली उडी दहा-वीस रुपयांची आहे. शंभर डावांनंतर सरासरी तूट ७९ रुपये होते, आणि नशिबाची वरखाली साधारण १११ रुपयांची. त्यामुळे शंभर डाव खेळणाऱ्या चौघांतला जवळजवळ एक जण फायद्यात घरी जातो, आणि जेवताना गोष्ट तोच सांगतो. बाकीचे तिघे जत्रेतली भजी कशी होती ते सांगतात.

पटवाल्याला मात्र ही वरखाली फारशी भोवत नाही. पट भरलेला असेल तर एकाही डावात त्याचं नुकसान होऊ शकत नाही, हे वर दिसलंच. संध्याकाळी पाचशे डाव झाले तर सरासरी २३६० रुपये, आणि जवळजवळ नेहमी २१०० ते २६०० च्या दरम्यान. तो जुगार खेळतच नाही. पट अर्धा रिकामा असेल तर त्याच्यावरही नशिबाची वेळ येते. म्हणून तर तो "लावा, लावा" म्हणून ओरडत असतो आणि रिकामा चौकोन बोटाने वाजवून दाखवतो.

"झेंडा वीस डाव आलेला नाही, आता येणारच" हे वाक्य अशा पटाभोवती हमखास ऐकू येतं. लाकडाच्या ठोकळ्याला मागचं काही आठवत नाही. मटक्याचे जुने चार्ट समोर ठेवून उद्याचा आकडा काढणारे लोक या मुंबईत वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत, आणि शाई जास्त लागते एवढाच त्यात फरक.

फासे सरळ आहेत हे मात्र आपण धरून चाललो. एक फासा २१६ वेळा टाकला तर प्रत्येक चित्र सरासरी ३६ वेळा यायला हवं, पण सरळ फाशातही २५ किंवा ४७ येऊ शकतं. त्यामुळे थोडासा जड केलेला फासा पटाजवळ उभं राहून ओळखता येत नाही. शब्दांतली लबाडी ओळखता येते.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला, मागे जत्रेचा गलका. दुसरा पट सापडला होता. "मामा, सगळं तेच. एकाला दहा, दोनाला वीस, तीनाला तीस. आज इथे."

"आपली नोट परत देऊन वर दहा, की ती धरून दहा?"

"म्हणजे?"

नोट धरून असेल तर एका फाशावर झेंडा आला तरी फक्त आपलेच दहा परत मिळतात, फायदा शून्य. दोनांवर आला तर सुटतात दहा, तीनांवर वीस. २१६ डावांत येणार १५० अधिक २०, म्हणजे १७० रुपये, आणि जाणार तेच १२५०. तूट १०८० रुपयांची. दर डावाला ७९ पैशांच्या जागी चक्क पाच रुपये. फासे तेच, पट तोच.

"विचार त्याला," मी म्हटलं. पलीकडे थोडा वेळ नुसता डब्याचा खुळखुळाट ऐकू येत राहिला.

"विचारलं. म्हणतो, लावायचं तर लाव, नाहीतर बाजूला हो, मागे लोक उभे आहेत."