शेजाऱ्यांची भिशी: करार कसा लिहावा, लिलावाला नोंदणी का लागते आणि हप्ता थकला तर काय

भिशीचा करार घेऊन लोक माझ्याकडे सहसा भिशी बुडायला लागल्यावरच येतात. कागद स्टँप पेपरवर असतो, नोटरीचा शिक्का असतो, सगळ्या सभासदांच्या सह्या असतात. तरी वसुली होत नाही, कारण चूक पहिल्याच ओळीत झालेली असते. भिशी कोणत्या प्रकारची आहे, हेच कोणी ठरवलेलं नसतं.

म्हणून आधी ते ठरवा. बारा जण दरमहा प्रत्येकी ५,००० रुपये काढतात, चिठ्ठी टाकतात, ज्याचं नाव निघेल त्याला पूर्ण ६०,००० मिळतात आणि तो पुढचे सगळे हप्ते भरत राहतो. ही साधी भिशी. चिट फंड कायदा, १९८२ मध्ये 'चिट'ची जी व्याख्या आहे, तिच्या स्पष्टीकरणातच अशा व्यवहाराला वगळलं आहे: सगळ्या सभासदांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरण्याची जबाबदारी राहते, तर ती चिट नव्हे. तिला नोंदणी लागत नाही आणि आपसातला करार हा साधा करार म्हणून उभा राहतो.

आता त्याच बारा जणांनी ठरवलं की चिठ्ठीऐवजी बोली लावायची. ६०,००० मधली सर्वांत जास्त रक्कम जो सूट म्हणून सोडेल, त्याने भिशी उचलायची. इथे पूर्ण रक्कम कोणालाच मिळत नाही असं होऊ शकतं, सूट बाकीच्यांत वाटली जाते, आणि हाच व्यवहार कायद्याच्या भाषेत 'चिट' होतो. सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी नसताना चिट सुरू करणं किंवा चालवणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही घरातलेच आहोत, कंपनी थोडीच आहे' हे उत्तर चालत नाही. छोट्या चिटना या कायद्यातून मोकळीक आहे, पण मूळ कायद्यात ती मर्यादा फक्त १०० रुपयांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती रक्कम ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला. तेव्हा आपल्या भिशीला ती मोकळीक लागू होते का, हे चिट निबंधकाच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तिसरा एक प्रकार भाग्यवान सोडत म्हणून चालतो: ज्याचं नाव निघेल त्याने रक्कम घ्यायची आणि पुढचे हप्ते माफ. कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी त्यात जाऊ नका. १९७८ च्या बक्षीस चिट बंदी कायद्याने तो प्रकार बंद केलेला आहे आणि त्याची नोंदणी होतच नाही.

लिलाव हवाच असेल तर

भिशी चालवणारी व्यक्ती कायद्यात 'फोरमन' असते. एकट्या व्यक्तीला एका वेळी सगळ्या भिश्या मिळून ३ लाखांपर्यंतच चालवता येतात. हा आकडा लोक नेहमी चुकीचा वाचतात. ३ लाख एका भिशीचे नव्हेत. साठ हजारांच्या पाच भिश्या चालू असतील तर मर्यादा संपली, सहावी सुरू करता येत नाही. फोरमनला घेता येणारं कमिशन जास्तीत जास्त ७ टक्के आहे.

अर्ज कुठे द्यायचा, यात अर्धे लोक अडकतात. 'निबंधक' शब्द ऐकून कोणी घराचे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे जातं, कोणी सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे. दोन्हीकडून हात हलवत परत यावं लागतं आणि कोणी नीट पत्ता सांगत नाही, याचा मला दर वेळी राग येतो. महाराष्ट्रात चिटचं काम राज्य कर खात्याकडे, म्हणजे ज्याला लोक अजून विक्रीकर म्हणतात त्या खात्याकडे आहे. तिथे 'चिट निबंधक' असं स्पष्ट विचारा.

क्रम असा: आधी पूर्वपरवानगी, मग नोंदणी, मग सगळी तिकिटं, म्हणजे सभासदांचे हिस्से, भरली असं फोरमनचं घोषणापत्र, मग सुरुवातीचा दाखला आणि त्यानंतरच पहिला लिलाव. परवानगी मिळाली म्हणून लगेच बोली लावू नका. परवानगी मिळाल्यापासून बारा महिन्यांत नोंदणी झाली नाही, आणि मुदत वाढवून घेतली नाही, तर ती रद्द होते.

सगळ्यात अडणारा कागद म्हणजे तारण. पूर्वपरवानगीचा अर्ज देण्याआधीच फोरमनला स्वतःकडून भिशीच्या रकमेच्या तोडीचं तारण द्यावं लागतं. साठ हजारांची भिशी चालवायला हौसेने उभ्या राहिलेल्या काकूंना हे कोणी सांगत नाही. त्या सगळे फॉर्म भरून जातात आणि इथे थांबतात. तेवढे पैसे बाजूला ठेवता येत नसतील तर लिलावाचा नाद सोडून चिठ्ठीची भिशी करावी, हे मी आजवर सगळ्यांना सांगितलं आहे. नोंदणी न करता लिलाव चालवला तर एखाद्याने पैसे थकवल्यावर 'मुळात करारच बेकायदा' हा मुद्दा समोरची बाजू पहिल्याच तारखेला काढते आणि प्रामाणिक अकरा जण तोंडघशी पडतात.

करारात काय लिहायचं

नोंदणीसाठी करार दोन प्रतींत लागतो. प्रत्येक सभासदाची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. नाव, पत्ता, तिकिटांची संख्या, हप्ता, सुरुवातीची तारीख, मुदत, लिलावाची जागा आणि वेळ, बँकेचं नाव, वारस, हे सगळे लिहितातच. अडचण पुढच्या दोन गोष्टींत येते.

पहिली, सुटीची वाटणी. तिसऱ्या महिन्यात एका सभासद ताईंनी ९,००० रुपयांची सूट सोडून भिशी उचलली असं धरा. त्यांना ५१,००० मिळाले. हे ९,००० बारा जणांत वाटले तर प्रत्येकी ७५० येतात आणि त्या महिन्यात प्रत्येकाला ५,००० ऐवजी ४,२५० भरायचे आहेत. बारा गुणिले ४,२५० बरोबर ५१,००० होतात, हिशोब जुळतो. पण उचलणाऱ्या ताईंना वाटणीत धरायचं नाही असं अर्ध्या गटाला वाटत असेल, तर अकरा जणांत ८१८ रुपये आणि वर काही पैसे येतात आणि भांडण सुरू होतं. करारात एक वाक्य लिहा: 'सूट, उचलणाऱ्या सभासदासह, सर्व बारा तिकिटांत समान वाटली जाईल.' फोरमनचं कमिशन असेल तर ते सुटीतून आधी वजा होईल की कसं, तेही तिथेच. कमाल सूट किती, तेही लिहा, म्हणजे अडलेला माणूस घाबरून वाटेल तेवढी सूट सोडणार नाही. दोघांनी त्या कमाल सुटीची बोली लावली तर चिठ्ठी टाकायची.

प्रत्येक लिलावाला किमान दोन सभासद हजर हवेत आणि त्याच वेळी कार्यवृत्त लिहून फोरमन, उचलणारा आणि हजर असलेल्या आणखी दोन सभासदांच्या सह्या घ्यायच्या. हा कागद बहुतेक गटांकडे नसतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अभिनंदन ताई' एवढंच असतं, आणि त्यावरून किती सूट सोडली हे सिद्ध होत नाही. साधी वही पुरते, पण त्याच दिवशीच्या सह्या हव्यात.

दुसरी गोष्ट, हप्ता थकल्यावर काय. इथे दोन वेगळे सभासद असतात आणि लोक दोघांना एकाच मापाने मोजतात.

ज्याने भिशी अजून उचललेली नाही आणि हप्ता थकवला, त्याचं नाव कमी करता येतं. तसं केल्यावर चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. त्याने भरलेले पैसे मात्र जप्त होत नाहीत. 'नाव काढलं, पैसे गेले' असं करारात लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या नोकरी गेलेल्या माणसावर लागू झालेलं असतं. त्याची जागा घेणारा नवा सभासद कसा आणायचा आणि जुन्याचे पैसे कधी द्यायचे, हे लिहा.

ज्याने उचलली आणि मग भरणं थांबवलं, त्याने बाकीच्यांच्या पैशावर हात ठेवला आहे. आपल्या उदाहरणातल्या ताईंनी पाचव्या महिन्यापर्यंत भरलं, सहावा आणि सातवा चुकवला. थकलेले १०,००० आणि पुढचे पाच हप्ते २५,०००, असे ३५,००० एकदम मागता येतात. पण लेखी नोटीस दिल्यावरच. तोंडी सांगणं, गटात टोमणा मारणं, दारात जाऊन बसणं यातलं काहीच नोटिशीत धरलं जात नाही. थकबाकीदाराला सुटीचा वाटा मिळेल की पूर्ण ५,०००च मोजायचे, हे करारात नसेल तर ३५,००० हा आकडाच वादात जातो. एकरकमी पैसे आले तर ते बँकेत ठेवून पुढच्या हप्त्यांसाठीच वापरायचे, आपसात वाटून टाकायचे नाहीत.

म्हणून भिशी हातात देण्याआधीच जामीन घ्या. उरलेल्या हप्त्यांसाठी दोन जामीनदारांचं सहीचं पत्र, आणि शक्य असेल तर प्रत्येक हप्त्याच्या तारखेचा धनादेश. कोरा, बिनतारखेचा धनादेश घेऊन ठेवू नका. धनादेश त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो परत आला तर बँकेकडून तसं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची असते, धनादेशाच्या तारखेपासून नव्हे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. 'बघू, दिवाळीनंतर देते म्हणाली' यात हे तीस दिवस निघून गेलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. तुम्ही मनात माफ केलं नसेल तर नोटीस पाठवून मग वाट बघा.

नोंदणी असलेल्या भिशीचा वाद दिवाणी न्यायालयात जात नाही. तो चिट निबंधकाकडे लवादासाठी जातो, आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे.

चिठ्ठीच्या भिशीसाठी

इथे सरकारी कागद नाही, म्हणून तुमचा कागद जास्त नीट हवा. स्टँप पेपर पाचशेचा घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून जुना शंभरचा पुरत नाही. कमी मुद्रांकाचा करार न्यायालयात पुढे करता येत नाही, आधी उरलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो. नोटरी असणं चांगलं, पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

सूट आणि बोलीचा एकही शब्द त्यात येऊ देऊ नका, आणि प्रत्यक्षातही करू नका. 'मला गरज आहे, यंदा मला द्या, मी सगळ्यांना पाचशे देते' असं एकदा झालं की भिशी पुन्हा लिलावाकडे झुकली. गरज असेल तर दोघांनी आपले नंबर पैशाशिवाय बदलावेत आणि वहीत सह्या कराव्यात.

जामीन, थकबाकी आणि लेखी मागणीची कलमं इथेही तशीच घाला, कारण कायदा इथे ती तुमच्या वतीने घालत नाही. त्यात एक जास्तीचं कलम लागतं: एखाद्याने थकवलं तर त्या महिन्याची तूट कोण भरणार. फोरमन असलेल्या चिटमध्ये ती जबाबदारी त्याच्यावर असते. शेजाऱ्यांच्या भिशीत हे लिहिलेलं नसेल, तर त्या महिन्यात ज्याचा नंबर आहे तोच बिचारा ६०,००० ऐवजी ५५,००० घेऊन घरी जातो, आणि पुढच्या महिन्यात त्याचाही हप्ता वेळेवर येत नाही. हप्ते यूपीआय किंवा बँकेतून घ्या आणि 'भिशी, महिना अमुक' असा शेरा टाका. रोख घेतली तर त्याच वेळी वहीत दोघांच्या सह्या. वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जावं लागलं तर प्रत्येक थकलेल्या हप्त्यासाठी त्याच्या तारखेपासून तीन वर्षं मोजली जातात.