शीत किण्वन, गोड पिठाचे

गोड पिठाचे शीत किण्वन : साखर, लोणी, दूध व अंडी घातलेले यीस्टचे पीठ संध्याकाळी मळून रात्रभर फ्रीजमध्ये सुमारे ४° से. तापमानात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आकार देऊन भाजायचे, अशी पद्धत. बेकरी व्यवसायात तिला ‘रिटार्डिंग’, म्हणजे लांबणीवर टाकणे, असे म्हणतात. हे नाव अधिक नेमके आहे, कारण फ्रीज पीठ आंबवत नाही, आंबणे रोखून धरतो.

पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ती रात्रपाळीवरील निर्बंधांतून आली. फ्रान्समध्ये १९१९ च्या कायद्याने बेकऱ्यांतील रात्रीच्या कामाला बंदी घातली. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२५ मध्ये याच विषयावर स्वतंत्र करार (क्र. २०) केला. मध्यरात्री पीठ मळता येईना, तेव्हा संध्याकाळी मळलेले पीठ सकाळपर्यंत टिकवणे भाग पडले आणि यांत्रिक शीतकरणाने ती सोय करून दिली, असे हे मत आहे. साध्या पावाच्या बाबतीत ते पटण्याजोगे आहे. दुसरे मत ब्रिओशकडे बोट दाखवते. भरपूर लोणी व अंडी असलेल्या या फ्रेंच पावाचे पीठ रात्रभर थंड जागी ठेवण्याची रीत घरगुती फ्रीजच्या आधीची, साधारणतः एकोणिसाव्या शतकापर्यंत तरी मागे जाणारी दिसते. तिथे कारण वेळेचे नसून लोण्याचे आहे. मऊ लोण्याचे पीठ हाताला चिकटते, तेच थंड झाले की मातीसारखे वळते. गोड पिठापुरता विचार केला तर हे दुसरे मत अधिक वजनदार वाटते. कायद्याने व यंत्राने जुन्या रीतीचा प्रसार केला, इतकेच.

किण्वनाचा बहुतेक भाग फ्रीजमध्ये गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, पीठ गार होत असतानाच उरकतो. ही पद्धत समजून घ्यायची तर येथूनच सुरुवात करावी लागते. यीस्ट (सॅकरोमायसीस सेरेव्हिसी) साधारण २७° ते ३५° से. दरम्यान जोमाने काम करते. ४° से.ला ते मरत नाही, पण वायू इतका सावकाश सोडते की पीठ जवळजवळ स्थिर दिसते. त्यामुळे ‘आठ तास की बारा तास’ यापेक्षा पीठ किती उबदार असताना आत गेले आणि किती वेगाने गार झाले, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पीठ उष्णतेचे मंद वाहक आहे. दोन्ही बाजूंनी गार होणाऱ्या थराची जाडी दुप्पट केली, तर मध्यभाग गार व्हायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. खोल भांड्यात ठेवलेला मोठा गोळा सकाळी मधोमध कापला तर हे डोळ्यांनी दिसते : कडेला बारीक, दाट जाळी आणि मध्यभागी मोठी, ताणलेली छिद्रे. नाक जवळ नेले तर दारूसारखा तीव्र वास येतो. बाहेरचे पीठ अजून कोवळे असते, आतले उतरू लागलेले असते. म्हणून पीठ पसरट भांड्यात तीन-चार सेंमी. जाडीचे थापून ठेवावे.

साखर हा दुसरा लगाम. ती पिठातील पाण्यात विरघळते आणि यीस्टच्या पेशीबाहेरील परासरण दाब वाढवते. पाणी बाहेर ओढले जाऊ नये म्हणून पेशीला ग्लिसरॉल तयार करावे लागते आणि तितकी शक्ती वायू सोडण्याच्या कामातून कमी होते. शिवाय यीस्टमधील इन्व्हर्टेज हे एन्झाइम सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विभाजन करते, म्हणजे एका रेणूचे दोन होतात आणि दाब आणखी वाढतो. गोड पिठासाठी वेगळे विकले जाणारे साखर सहन करणारे यीस्ट बहुधा कमी इन्व्हर्टेजचे असते ते यामुळेच. मैद्याच्या दहा टक्क्यांपुढे साखर गेली, की हे यीस्ट वापरणे श्रेयस्कर. साखर व थंडी हे दोन्ही लगाम एकदम ओढले तर रात्रभरात काहीच घडत नाही. तेव्हा फ्रीजपूर्वी पीठ थोडा वेळ बाहेर ठेवणे आवश्यक ठरते.

उदाहरणादाखल एक प्रमाण : मैदा ५०० ग्रॅ., दूध २२० ग्रॅ., अंडी दोन, साखर ७५ ग्रॅ., लोणी १०० ग्रॅ., मीठ ९ ग्रॅ. आणि कोरडे इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅ. दूध थंडच घ्यावे, कारण मळताना घर्षणाने पीठ तापते. मळून झाल्यावर ते २४°–२५° से. असावे. लोणी शेवटी, ग्लुटेन तयार झाल्यावर थोडे थोडे घालतात. रात्री आठ वाजता मळून झालेले पीठ पाऊण तास बाहेर ठेवावे. ते साधारण पाव हिश्श्याने फुगले की थापून, घट्ट झाकून फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावे (दाराचा कप्पा उबदार असतो). सकाळी आठपर्यंत ते दुपटीच्या आसपास येते. गार असतानाच ऐंशी-ऐंशी ग्रॅमचे बारा गोळे करावेत आणि २६° से.च्या आसपास दोन ते अडीच तास फुगू द्यावेत. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश अर्धवट भरून आला, की १८०° से.ला वीस ते बावीस मिनिटे भाजावे. सकाळी उशीर झाला तर हे पीठ दुपारपर्यंत सहज थांबते. चोवीस तासांपलीकडे मात्र त्याचा ताण कमी होत जातो.

स्वाद का सुधारतो, यावर मतभेद आहेत. साध्या पावाच्या संदर्भात दिले जाणारे स्पष्टीकरण, म्हणजे अमायलेज एन्झाइम रात्रभर स्टार्चपासून साखर बनवते आणि कवचाला रंग व गोडी येते, हे गोड पिठाला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. जिथे मुळातच पंधरा टक्के साखर आहे तिथे ही भर नगण्य ठरते. लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंनाही केवळ यीस्टच्या पिठात एका थंड रात्रीत फारसा वाव मिळत नाही. राहतात ती यीस्टची स्वतःची उपउत्पादने. अमिनो आम्लांपासून ते उच्च अल्कोहॉल बनवते (हा मार्ग फेलिक्स एर्लिख यांनी १९०७ मध्ये दाखवला) आणि काही एस्टरही तयार होतात. त्यांतील बरीच गंधद्रव्ये लोण्याच्या स्निग्धांशात टिकून राहतात. घाईच्या पिठात यीस्ट जास्त घालावे लागते आणि त्याचा कच्चा वास उरतो, तो येथे टळतो. स्वादातील फरकाचा मोठा वाटा बहुधा याच गोष्टीचा असावा.

दोषांपैकी सर्वांत जास्त फसवणारा दोष म्हणजे सकाळी पीठ अजिबात न फुगलेले दिसणे. बहुतेक वेळा यीस्ट मेलेले नसते, पीठ फार लवकर गार झालेले असते. ते दोन तास बाहेर ठेवावे. पृष्ठाखाली बुडबुडे दिसू लागले तर काम पुढे न्यावे. घाई म्हणून ते गरम जागी ठेवणे घातक, कारण ३०° से.च्या वर लोणी सुटू लागते आणि तळाशी तेलकट डाग पडतात. मध्यभाग गार असतानाच भाजले, तर पाव कडेने फाटतो आणि तळाशी दाट, ओलसर पट्टा राहतो.

दालचिनी-साखरेचे सारण भरलेले रोल रात्रीच वळून ठेवले तर साखर पिठातील पाणी ओढून घेते आणि सकाळी तळाशी पाक साचलेला असतो. सारणात लोणी आधी फेटून घेतले व चमचाभर मैदा मिसळला तर पाक कमी सुटतो. दालचिनी पिठातच मळली, तर तिच्यातील सिनॅमाल्डिहाइड यीस्टला आणखी मंद करते. ती सारणातच राहू द्यावी.